तीन साहेब, एक कारकून

आमच्या तहसिलीत कारकुनाला हात दोन आणि साहेब तीन. परवा प्रांतसाहेबांना तारांकित प्रश्नाचं उत्तर हवं होतं, तहसीलदारांना लेखापरीक्षणाच्या आक्षेपांचं अनुपालन, आणि नायबसाहेबांना माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर. तिघांचा शेरा एकच: ‘तातडीचे’.

साहेबाला ‘नंतर’ म्हणायचं नसतं, हे पथ्य. म्हणून अर्ध्या पानाची टिपणी लिहिली: कामं, लागणारे तास, मुदत. अधिवेशनाचं उत्तर उद्या सकाळी. अर्जाचे ३० दिवस परवा संपतात. पुढे दिवसाला २५० रुपये दंड होऊ शकतो, तोही माहिती अधिकाऱ्याच्याच पगारातून. अनुपालनाला अजून आठवडा. खाली एकच ओळ: ‘या क्रमाने काम सुरू करत आहे; बदल असल्यास दुपारी बारापर्यंत आदेश व्हावेत.’ तीच टिपणी तिघांपुढे फिरवली. वेगवेगळं विचारलं असतं तर प्रत्येकानं ‘आधी माझं’ म्हटलं असतं. एकाच कागदावर एकमेकांची कामं दिसली की साहेबलोक भलतेच समजूतदार होतात.

प्रांतसाहेबांनी ‘पाहिले’ लिहिलं, तहसीलदारांनी नुसती सही केली. माहिती अधिकारी असलेल्या नायबसाहेबांनी तेवढा २५० चा आकडा पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केला.