सवलतवाले नाना

नाना माणसाला ओळखतात ते त्याच्या तिकिटावरून. समोरचा गडी शिकलेला की अडाणी, श्रीमंत की गरीब, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तो एसटीत पूर्ण तिकीट काढतो, अर्धं काढतो, की काहीच काढत नाही, एवढंच त्यांना महत्त्वाचं. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की बायका विचारतात, "तुम्ही कुठले?" नाना विचारतात, "जन्मतारीख काय? कागदावरची सांगा."

कागदावरची, कारण खरी जन्मतारीख नानांच्या लेखी निरुपयोगी आहे. त्यांचा स्वतःचा जन्म श्रावणातला, असं त्यांची आई सांगायची. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे 1 जून लिहून टाकलं. नाना आजही त्या गुरुजींचं नाव घेताना हात जोडतात. एकतर सवलत दोन महिने आधी लागू झाली. दुसरं म्हणजे, एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला निघाली ती 1 जून 1948 लाच. "माझा आणि एसटीचा वाढदिवस एकच," असं ते सांगतात, आणि त्यात आपला काही हात नव्हता हे सांगायचं विसरतात.

सांगलीत स्टँडच्या मागच्याच गल्लीत आम्ही राहतो. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर रुजू झाले. पगार नाही, पण हजेरी चुकत नाही. सकाळी चहा झाला की ते आरक्षणाच्या खिडकीजवळ उभे राहतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सल्ला देतात. चौकशीच्या खिडकीत माणूस नसला तरी चालतं, नाना असतात.

परवाच एक निवृत्त हेडमास्तर आले. बँकेत साठाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक झालेले, प्राप्तिकरातही झालेले. ताठ मानेने त्यांनी खिडकीत अर्धं तिकीट मागितलं. आतल्या बाईंनी आधार कार्ड पाहून "पासष्ट पूर्ण पाहिजेत" म्हटल्यावर सर उखडले. नाना पुढे झाले.

"सर, बँकेच्या हिशेबानं तुम्ही म्हातारे. एसटीच्या हिशेबानं तुम्ही अजून तीन वर्षं तरुण. अभिनंदन!"

सरांनी पूर्ण तिकीट काढलं. तारुण्याचा एवढा राग आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

नानांचं ज्ञान पाठांतराचं आहे, पण त्यामागे हिशेब पक्का आहे. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. 2025 च्या जानेवारीत भाडं वाढलं तेव्हा साध्या गाडीचा टप्पा 10 रुपये 5 पैशांवर गेला. सांगली-पुणे चाळीस टप्पे धरले तर साध्या गाडीचे चारशेच्या आसपास होतात. निमआरामचे साडेपाचशेच्या थोडे आत आणि वातानुकूलित शिवशाहीचे साडेपाचशेच्या थोडे वर. निमआराम म्हणजे हिरकणी, जिला नाना अजून एशियाडच म्हणतात, कारण 1982 च्या दिल्लीच्या खेळांसाठीच्या गाड्यांपासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. या दोन गाड्यांच्या भाड्यात जेमतेम वीस-पंचवीस रुपयांचा फरक आहे, हे नानांनी हेरून ठेवलंय. "म्हणजे बघ," ते म्हणतात, "वीस रुपयांत पुण्यापर्यंतचा गारवा. अंगावर घ्यायची शाल मात्र घरची."

पण त्यांचा खरा शोध याच्या पुढचा. तो त्यांनी मला गच्चीवर नेऊन सांगितला, कोणी ऐकू नये म्हणून.

"पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मं भाडं सगळ्या गाड्यांत. बरोबर? मग शिवशाहीचं निम्मं किती झालं?"

"दोनशे पंच्याऐंशीच्या आसपास."

"आणि तुझं साध्या गाडीचं पूर्ण?"

"चारशे."

"म्हणजे मी थंड हवेत, मागे रेलून, तुझ्यापेक्षा एकशे पंधरा रुपये कमी देऊन जाणार. आणि तू खिडकीतून धूळ खात, जास्त पैसे देऊन. सांग आता, म्हातारपण वाईट का?"

या तत्त्वज्ञानाला तडा मात्र आधीच गेला होता, 17 मार्च 2023 रोजी. त्या दिवसापासून महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं तिकीट झालं. वयाची अट नाही. नानांनी जी सवलत पासष्ट पावसाळे काढून मिळवली, ती त्यांच्या सुनेला बसल्या जागी मिळाली. नाना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात नवा गणिती चमत्कार आला आणि ते काकूंना घेऊन स्टँडवर गेले.

"ही बाई आहे म्हणून निम्मं. ही सत्तरीची आहे म्हणून त्याचं निम्मं. पाव तिकीट द्या."

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नाना, एका तिकिटाला एकच सवलत."

"मग दोन सवलती असून उपयोग काय?"

"उपयोग असा, की काकूंना वय सांगावं लागत नाही."

काकू हसल्या. नाना हसले नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी काकूंचं आधार कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवलं, हेही खरं.

गेल्या पावसाळ्यात सगळं घर पुण्याला लग्नाला निघालं. नाना, काकू, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. नानांनी पंधरवडाभर आधी शिवशाहीचं आरक्षण करायला घेतलं. मोबाइलवर मुलानेच करायचं, पण नाना मागे उभे. प्रत्येक नावापुढे सवलतीचा प्रकार निवडावा लागतो, आणि तो निवडताना मुलाचं बोट चुकीच्या जागी पडू नये म्हणून नाना त्याच्या मनगटाला धरून होते. सवलतीचा प्रकार चुकला आणि गाडीत ओळखपत्र जुळलं नाही, तर कंडक्टर उरलेलं भाडं वसूल करतो, हे त्यांना ठाऊक आहे. शेवटी हिशेब निघाला: नाना निम्मे, काकू निम्म्या, सून निम्मी, नात निम्मी.

"आणि मी?" मुलाने विचारलं.

"तू पूर्ण," नाना म्हणाले. "घरात एक तरी पूर्ण माणूस पाहिजे."

मुलाचं तोंड उतरलेलं पाहून नानांनी खिशातला शेवटचा पत्ता काढला. 2025 च्या जुलैपासून दीडशे किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण तिकिटाला पंधरा टक्के सूट आहे. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत नाही, एरवी. शिवाय आधीच सवलत घेणाऱ्याला नाही, फक्त पूर्णवाल्याला. पाचशे सत्तरचे चारशे पंच्याऐंशी झाले. घरातला कर्ता पुरुष पंच्याऐंशी रुपयांनी सुखावला, आणि नाना म्हणाले, "सरकारला अखेर तुझी दया आली."

विद्यार्थ्यांच्या बाबतीत नाना विशेष हळवे आहेत. शेजारच्या खेड्यातून सांगलीत शिकायला येणाऱ्या पोरांचे पास ते स्वतः तपासतात. शाळेचा दाखला घ्या, फॉर्म भरा, घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा पास मिळतो. मुलाने एक तृतीयांश भाडं भरायचं, बारावीपर्यंतच्या मुलीने काहीच नाही. मागच्या वर्षी एका मुलीला बारावीत चांगले मार्क पडले. ती पेढे घेऊन आली. नानांनी पेढा घेतला, पाठ थोपटली आणि सुस्कारा सोडला, "पास झालीस, पण पास गेला गं तुझा. आता तुलाही तिसरा हिस्सा भरावा लागणार." पोरगी बावरली. तिला वाटलं, निकालात काहीतरी घोळ झाला.

विद्यार्थ्यांचे जेवणाचे डबे एसटी फुकट नेते, हे मात्र नाना अभिमानाने सांगतात, जणू तो निर्णय त्यांनीच घेतला. "बघा, पोरगं तिसऱ्या हिश्शात जातं आणि त्याचा डबा फुकट जातो. एसटीत माणसापेक्षा भाकरीला मान आहे."

नाना एकदाच हरले, ते गोव्याच्या गाडीत. काकूंची बहीण म्हापशाला असते. तिकीट हातात आल्यावर नानांना निम्म्यापेक्षा जास्त पैसे लागलेले दिसले. कंडक्टरने शांतपणे सांगितलं, सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, बांद्याच्या पुढे पूर्ण भाडं. नाना बांदा येईपर्यंत गप्प होते. हद्द ओलांडल्यावर काकूंना म्हणाले, "आता आपण पूर्ण आहोत. जरा ताठ बस."

यंदाच्या 1 जूनला नानांना पंचाहत्तर पूर्ण झाली. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याला एसटीचा प्रवास मोफत आहे. अमृत ज्येष्ठ नागरिक म्हणतात त्याला. नाना आदल्या रात्रीपासून अमृत झाले होते. सकाळी नवा सदरा घालून ते खिडकीत गेले आणि पुण्याची जागा मागितली. बाईंनी आरक्षण शुल्क सांगितलं.

"कसलं शुल्क? मोफत म्हणजे मोफत."

"प्रवास मोफत आहे नाना. जागा राखून ठेवायचे पैसे लागतात."

नानांनी नोटेकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं आणि बाणेदारपणे आरक्षण न करता फलाटावर आले. कंडक्टरने आधार पाहून शून्य रुपयांचं तिकीट दिलं. ते त्यांनी इस्लामपूरपर्यंत उभ्यानं पाहिलं, कारण बसायला जागा नव्हती. परत येताना मात्र त्यांनी शुल्क भरलं. "ते भाडं नव्हे," त्यांनी मला समजावलं. "ती खुर्चीला दिलेली बक्षिसी."

मला वाटलं, आता नानांचं जीवितकार्य संपलं. मिळवण्यासारखी सवलत उरली नाही. पण आषाढी जवळ आली तशी नानांनी पंढरपूरला जायची घाई सुरू केली. देवधर्म हा नानांचा प्रांत नव्हे, म्हणून काकू चक्रावल्या. त्यांनी कारण विचारलं.

"आषाढीला शासकीय पूजेचा मान दर्शनरांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मिळतो. त्या जोडप्याला एसटीचा वर्षभराचा मोफत पास देतात."

"अहो, पण तुम्हाला आता सगळंच मोफत आहे. पास हवाय कशाला?"

"मला नकोच आहे," नाना म्हणाले. "तुझी पंचाहत्तरी यायला अजून किती वर्षं आहेत, ते मोजलंस का? तोवर मी एकट्यानं कुठं फिरू?"

काकूंनी काही उत्तर दिलं नाही. त्या कपाटाकडे गेल्या आणि दोघांची आधार कार्डं काढून पिशवीत ठेवली.