जंगल बंद, कपात चालू

पावसाळ्यात मेळघाटातली सफारी थांबते, सेमाडोहची वर्दळ ओसरते आणि पर्यटन निवासांचे व्हिडिओ करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याचं कामही आटतं. खात्यातली कपात मात्र थांबत नाही. जुलैत हात रिकामे होते, म्हणून वही घेतली आणि बारा महिन्यांची स्टेटमेंटं समोर मांडली.

पहिलीच नोंद पार्श्वसंगीताच्या वर्गणीची निघाली. महिना १,२५० म्हणजे वर्षाचे १५,०००. हे संगीत लागलं फक्त दोन कामांना. म्हणजे एका कामामागे ७,५००, आणि त्या कामाचे मी घेतले होते ९,०००. पेट्रोल, वीज आणि चार रात्रींचं जागरण, सगळ्यांच्या वाट्याला मिळून दीड हजार! महिन्याचा आकडा किरकोळ वाटतो. वर्षाचा आकडा कामांच्या संख्येने भागला, की खरी किंमत कळते. आता काम असेल त्याच महिन्यापुरती वर्गणी भरायची. दोन महिन्यांचे २,५०० जातील, १२,५०० घरात राहतील. फक्त बंद करण्याआधी परवान्याची अट वाचावी. बऱ्याच ठिकाणी वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओलाच पुढेही संरक्षण मिळतं. म्हणून व्हिडिओ आधी प्रसिद्ध करायचा, वर्गणी मग थांबवायची.

ही गळती वर्षभर दिसली का नाही? एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा नियमित कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी सूचना येते, पण आमच्याकडे रेंज येते-जाते. परतवाड्याला पोचलो की मेसेज एकदम धडकतात, तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून मेसेजच्या भरवशावर राहायचं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तीन जागा उघडायच्या: यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी, कार्डाचं स्टेटमेंट आणि फोनच्या ॲप स्टोअरमधलं सबस्क्रिप्शनचं पान. डॉलरमधल्या वर्गणीवर जास्त लक्ष ठेवावं. कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल, तर १,८०० रुपयांवर ६३ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ७४ रुपये दर महिन्याला वर जातात.

बंद करताना दोन चुका होतात. फोनवरून ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबली, असं नसतं. आणि वार्षिक करार हप्त्याने फेडत असाल, तर ऑटोपे थांबवून करार संपत नाही. मध्येच सोडला तर दंड लागू शकतो. अशा कराराच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि आठवडाभर आधी सेवेच्या खात्यात जाऊन तो रद्द करा.

माझ्या कॅलेंडरवर आता अशा तीन तारखांना लाल गोल आहे.