चौतीसवरून थेट नऊ: टक्के उडवण्याचा प्राथमिक वर्ग

बॅटरी एकेक टक्क्याने उतरते ती सामान्य माणसांच्या फोनची. इंदिरानगरच्या बोगद्यात शिरताना ३४ आणि पलीकडे निघताना ९ टक्के, असा फोन हवा असेल तर पुढचे धडे गिरवा. (बोगद्यातल्या कोंडीत तेवढी बॅटरी खरंच संपू शकते, हे मान्य. तो प्रकार आपण धरत नाही.)

१. जुनी बॅटरी पुरती म्हातारी होऊ द्या. फोनमध्ये फ्युएल गेज नावाची चिप असते. झाकण न उघडता टाकीतलं पाणी सांगायचं, तसं तिचं काम: किती आलं, किती गेलं याचा हिशेब ठेवायचा आणि मधूनमधून व्होल्टेज बघून तो पडताळायचा. तुमची ४००० एमएएचची बॅटरी झिजून २८०० वर आली, हे ती हळूहळू शिकून घेते. शिकू द्या. पुढे हेच ज्ञान आपल्या कामी येणार आहे.

२. आता एमजी रोडवर जाऊन बॅटरी बदला, पण चिपला पत्ता लागू देऊ नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ही चिप बॅटरीत नसते, मदरबोर्डवर असते. बॅटरी नवी, हिशेबनीस जुनाच. नवी बॅटरी खरोखर ४००० ची निघाली, तरी २८०० खर्च झाले की हा हिशेबनीस "संपलं" म्हणून मोकळा होतो. मग फोन १ टक्क्यावर तासन्‌तास चालतो आणि घरचे तुम्हाला चमत्कारी पुरुष समजतात. फोन बंद करून चालू केलात, तर चिप व्होल्टेज नव्याने बघते आणि १ चे ३० होऊ शकतात. उरलेले १२०० म्हणजे ४००० चे तीस टक्केच की!

३. वरची उडी साधली? आता खालची. त्याच मापाची, पण वर ५००० छापलेली स्वस्त बॅटरी मागा. आत ३२०० असतील. छपाईला काय लागतं? चिप मात्र एव्हाना मागच्या बॅटरीवरून ४००० शिकून बसलेली. ३२०० संपले तेव्हा ती निवांतपणे २० टक्के दाखवत असते. तिला आधी का कळलं नाही? कारण लिथियम बॅटरीचं व्होल्टेज मधल्या बऱ्याच पट्ट्यात ३.७–३.८ च्या आसपास रेंगाळतं आणि तळाशी एकदम कोसळतं. नेमका त्याच क्षणी कॅमेरा उघडा. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.२ ओहम असेल आणि फोनने २ अँपियर ओढले, तर ०.४ व्होल्ट जागच्या जागी गळतात. ३.७ चे ३.३ झाले, फोन गेला. नातेवाईक फोटोसाठी हसतच राहिले, बिचारे.

४. बॅटरी बदलायला पैसे नाहीत? खचू नका, अपडेट फुकट असतं. व्होल्टेजवरून टक्के काढायचा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये असू शकतो; तो बदलला की बॅटरी तीच, आकडा वेगळा. शिवाय अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत फोटो आणि अॅपांची आवराआवर करत असतो. त्याच दिवसांत मत बनवा. अॅपलने २०२१ मध्ये आयओएस १४.५ मधून आयफोन ११ मालिकेच्या बॅटरीचा अंदाज नव्याने जुळवायला घेतला, तेव्हा त्याला काही आठवडे लागू शकतात असं सांगितलं होतं. एवढा धीर तुम्ही धरायचा नाही.

५. "बॅटरी कॅलिब्रेशन" करणारं अॅप घ्या. अशी बरीच अॅप batterystats.bin ही फाइल पुसतात. या फाइलचा दिसणाऱ्या टक्क्यांशी संबंध नाही, ती फक्त कशाने किती बॅटरी खाल्ली ते लिहून ठेवते, असं गूगलच्या अँड्रॉइड अभियंता डायॅन हॅकबॉर्न यांनी २०१२ मध्येच सांगितलंय. तेव्हा बिनधास्त पुसा. समाधान मिळतं.

६. हे मात्र कटाक्षाने टाळा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल: फोन आपोआप बंद पडेपर्यंत वापरणं, बंद असतानाच १०० पर्यंत चार्ज करणं, वर तासभर चार्जरवर ठेवणं आणि मग पुन्हा सलग वापरणं. एक-दोनदा असं झालं की चिपला दोन्ही टोकं सापडतात आणि ती शुद्धीवर येते. पुन:पुन्हा केलं तर बॅटरी झिजते. तो वेगळा अभ्यासक्रम.

संगणकाला जोडून हेही विचारू नका:

```
adb shell dumpsys battery
```

level म्हणजे टक्के, voltage बहुधा मिलिव्होल्टमध्ये. फोन चार्जरविना स्वस्थ पडलेला असताना level २० आणि voltage ३८०० दिसलं, तर चिप चुकतेय, बॅटरीत दम आहे. (केबलमधून थोडा चार्ज मिळतो, म्हणून आकडा जरा फुगलेला धरा.) २० ला ३४०० दिसलं आणि वरच्या दोन फेऱ्यांनंतरही फोन दर वेळी विशीतच मरत असेल, तर बॅटरी छापल्याएवढी नाहीच. अशा वेळी पावती घेऊन दुकानात जाऊ नका. पावती मागितलीच नव्हती ना? शाब्बास, पहिल्या वर्गात पास.