त्रुटीपूर्तता

मिसळवाले काका धंद्यात नवे होते, तेव्हा त्यांची समजूत होती की मिसळीत अवघड काय असेल तर ते कट जमणं. कट तिसऱ्या दिवशी जमला. परवान्याचं मात्र नऊ महिने जमत होतं.

गुमास्त्याचं काम झटक्यात झालं. 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर दुकान सुरू केल्याचं कळवलं की तेव्हा पुरे होतं. काकांकडे माणसं तीन, त्यातला एक मेहुणा, म्हणजे कामाच्या हिशेबात अडीच. काकांना वाटलं, सरकार सुधारलं. मग कोणीतरी सांगितलं की हे सरकार झालं, महापालिका अजून बाकी आहे.

महापालिकेच्या परवान्याचं मूळ जुनं आहे. मुंबईला 1888 च्या कायद्यातलं कलम 394, आमच्यासारख्या इतर महापालिकांना 1949 च्या कायद्यातलं कलम 376. दोघं सख्खे भाऊ. जिवाला, आरोग्याला, मालमत्तेला धोका होईल किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव होईल असा धंदा परवान्याशिवाय करू नये, हे त्यांचं म्हणणं. यात खोट काढायला जागा नाही. माझ्या खिडकीखाली उद्या कोणी रबर वितळवायला लागला, तर कलम हातात घेऊन मीच पहिला धावेन. ग्यानबाची मेख आहे ती ‘आयुक्तांच्या मते’ या दोन शब्दांत. यादीत नसलेला धंदाही आयुक्तांच्या मते धोक्याचा असला, की धोक्याचा. तसं मत झाल्याची नोटीस तुमच्या हातात दिली किंवा जागेवर डकवली, की तुम्हाला ते ठाऊक होतं असं कायदा धरून चालतो. नोटीस रात्रीतून शेळीनं खाल्ली तरी तुम्हाला ठाऊक होतं. आता आयुक्त एक आणि दुकानं हजारो. त्यामुळे हे मत अधिकार सोपवत सोपवत जिने उतरतं आणि शेवटी स्कूटरवरून येणाऱ्या निरीक्षकाच्या वरच्या खिशात येऊन बसतं.

या खिशाला चाप बसावा म्हणून 2015 साली लोकसेवा हक्काचा कायदा आला. परवाना विभागाच्या भिंतीवर त्याचा फलक आहे. नवीन परवाना, नूतनीकरण, हस्तांतरण, दुय्यम प्रत, प्रत्येकापुढे दिवस लिहिलेले. त्या मुदतीत साहेबांनी परवाना द्यायचा, नाहीतर अर्ज फेटाळायचा आणि फेटाळण्याचं कारण लेखी द्यायचं. काकांनी फलक वाचला आणि कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनानं गोल केला. फलकावर एक बारीक गोष्ट नव्हती: मुदत मोजायची ती अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण झाला त्या दिवसापासून.

इथं आमच्या कचेरीची प्रतिभा दिसते. परवाना दिला तर विषय संपतो. नाकारला तर कारण लिहावं लागतं आणि त्या कारणावर अपील होतं. म्हणून साहेब दोन्ही करत नाहीत, ते त्रुटी काढतात. त्रुटी म्हणजे नकार नव्हे. त्रुटी म्हणजे तुमचा अर्ज अजून जन्मालाच आलेला नाही, एवढंच. मग त्याचं वय मोजणार कसं?

काकांची पहिली त्रुटी मुदत संपायला दोन दिवस असताना आली: मालमत्ता कराची पावती जुन्या मालकाच्या नावे आहे. ती त्याच महापालिकेनं दिलेली होती, पण ते खातं दुसऱ्या मजल्यावर आणि परवाना तळमजल्यावर. घड्याळ शून्यावर. दुसरी त्रुटी भाडेकराराची. तिसरी कामगारांच्या वैद्यकीय दाखल्यांची, त्यात मेहुणा तपासणीला जाईना. चौथी अग्निशमनच्या ना-हरकतीची. पाचवी अशी, की एव्हाना वैद्यकीय दाखले जुने झाले. एका वेळी एकच त्रुटी, हा या विद्येचा पहिला नियम. आधीच्या चारही पहिल्या दिवशी एकाच कागदावर लिहून दिल्या असत्या तर काकांनी आठवड्यात पुऱ्या केल्या असत्या आणि घड्याळ खरंच चालू झालं असतं. खरी त्रुटी आणि काढलेली त्रुटी ओळखायची खूण हीच. खरी पहिल्या भेटीत सांगता येते, काढलेली मात्र मुदत संपत आल्याशिवाय सुचत नाही.

मध्यंतरी दुकान बंद ठेवणं काकांना परवडेना. उघडलं, तर ते विनापरवाना. म्हणजे परवाना न देणारे आणि परवाना नाही म्हणून कारवाई करणारे साहेब एकच. त्यांनी एकदा खटला भरला, एकदा शेवेचा डबा आणि चार स्टुलं उचलून नेली. स्टुलं सोडवायला गेले तर पावतीवर ‘लोखंडी सामान, नग चार’. शेवेचा उल्लेख नव्हता.

भाचा वकिली शिकतो. तो म्हणाला, “मामा, अपील करा. उशीर केलेल्या अधिकाऱ्याला दंड आहे.”

“किती?”

“पाचशे ते पाच हजार.”

काकांनी हिशेब केला. अपील ऐकणारे साहेब त्याच बोळात तिसऱ्या दारामागे बसतात. अपील जिंकलं तरी तपासणीला यायचे ते पहिल्या दारातलेच. “साहेबाचा दंड माझ्या एका स्टुलाच्या किमतीएवढाही नाही रे,” म्हणाले आणि कांदा चिरायला बसले.

सहावी त्रुटी तोंडी होती. ‘बाहेर झेरॉक्सवाल्याला भेटा.’ झेरॉक्सवाल्यानं तेच कागद, त्याच क्रमानं, नव्या हिरव्या फाइलीत लावले. रक्कम काका सांगत नाहीत, नुसते कढईकडे बघतात.

आणि तपासणी ठरली. निरीक्षक आले, टेप काढून मोरी मोजली. फरशी पांढरी हवी होती, काकांची फिकट पिवळी निघाली. पांढरी का, तर मळ दिसावा म्हणून. पिवळीवरचा मळ दिसत नाही असं साहेबांचं मत, आणि मताचा मान राखावा लागतो. धुराड्याची उंची पाहिली, पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून ठेवलं, भिंतीवर किंमतफलक आहे का ते पाहिलं. सगळं छापील तक्त्याबरहुकूम. तक्त्यात ‘वर पाहणे’ असा रकाना नसावा. कारण काकांचे एकोणीस किलोचे व्यावसायिक सिलिंडर पोटमाळ्यावर असतात, तीन भरलेले, एक रिकामा. खाली जागा नाही, खाली आता अग्निशमनचा लाल डबा आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या एका हॉटेलात आग लागली आणि 8 जण गेले. ते पोटमाळ्यावर जेवायला बसले होते. त्यानंतर शहराशहरांत तपासणीचे तक्ते नव्यानं छापले गेले असतील. आमच्या साहेबांच्या हातातला मात्र पिवळा पडलेला होता, काकांच्या फरशीसारखा.

काकांना मी सिलिंडरचं बोललो. म्हणाले, “खाली ठेवले तर त्रुटी निघेल.”

परवाना 11 मार्चला मिळाला. लॅमिनेट करून गणपतीशेजारी लावला. मुदत 31 मार्चपर्यंत. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग भाच्याला वाचायला दिलं. नूतनीकरण त्या तारखेच्या आत केलं नाही तर विलंब शुल्क.

26 तारखेला निरीक्षक पुन्हा आले, या वेळी टेपशिवाय. पोटमाळ्याच्या बरोबर खाली भिंतीकडेच्या स्टुलावर बसले. रुमालानं कपाळ पुसत म्हणाले, “काका, नूतनीकरणाच्या फाइलीत एक छोटी त्रुटी आहे. बघू आपण. तर्री जरा जास्त घाला.”