आडव्या टीच्या मिस्त्रींना अनावृत पत्र

मिस्त्री,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या वर्षी आमच्या तळमजल्यावरच्या बाथरूमखाली तुम्ही जी टी आडवी निजवून गेलात, ती परवा उठली. उठवण्यासाठी अकरा फरश्या, एक कोबा आणि माझ्या मुदतठेवीतला थोडा भाग कामी आला. तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. यातून तुमच्या इतर यजमानांनाही तुमच्या कलेचा लाभ का होऊ नये?

तुमचं एक वाक्य अजून माझ्या कानात आहे. पाइप मातीत बसवताना मी, केवळ काहीतरी विचारायचं म्हणून, विचारलं होतं की हा जोड असा काटकोनात चालेल ना? तुम्ही विडीचं थोटूक बाजूला टाकत म्हणालात, "साहेब, टी ती टी. पाणी काय, वाट दिसेल तिकडे जातं." मिस्त्री, तुमचं वाक्य शब्दशः खरं ठरलं. पाण्याला दोन वाटा दिसल्या आणि ते दोन्हीकडे गेलं.

वाचकांसाठी आधी आमच्या लाइनीचा नकाशा सांगतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीशी नहाणी ट्रॅप आहे. तिथून 110 मिलिमीटरचा पाइप सरळ बाहेरच्या चेंबरकडे जातो. उतार तुम्ही चोख दिला होता, दहा फुटांना दोन इंच, म्हणजे साठास एक. (तुमचं सगळंच वाईट होतं असं मी म्हणत नाही. मला दुःख त्याचंच आहे.) नहाणीपासून चार फुटांवर बाजूने कमोडचा पाइप येतो, तोही 110 चाच. या जोडावर तुम्ही टी घातलीत, तिन्ही तोंडं जमिनीला समांतर.

आणि टी तरी कोणती? त्या दिवशी दुकानात सांडपाण्याच्या, म्हणजे एसडब्ल्यूआरच्या फिटिंग संपल्या होत्या, म्हणून तुम्ही शेतीच्या पाइपाची टी आणलीत. दोन्ही पाइपांचा बाहेरचा व्यास 110 मिलिमीटरच असतो, त्यामुळे सोल्युशन लावलं की ती मुकाट्याने बसते. तुमचा दोष एवढाच की तुमची हयात गेली टाकीच्या आणि मोटारीच्या पाण्यात. त्या पाण्यामागे दाब असतो आणि पाइप काठोकाठ भरलेला असतो. काटकोन काय, त्याला उलटं फिरवलं तरी ते मुकाट्याने जातं. सांडपाण्याला मागून ढकलणारं कोणी नसतं. अर्ध्याहून रिकाम्या पाइपाच्या तळाशी ते उताराच्या आणि आपल्या वेगाच्या जोरावर धावतं, आणि त्याच धावेत सोबतचा ऐवज वाहून नेतं. त्याची धाव मोडली, की पाणी पुढे निघून जातं आणि ऐवज तिथेच बसतो.

तुमच्या टीत ही धाव कशी मोडायची, ते आता मला पाठ झालंय. फ्लश दाबला की सहा लिटर पाणी काही सेकंदांत बाजूच्या पाइपातून येतं आणि थेट समोरच्या भिंतीवर आदळतं. काटकोनात आलेल्या पाण्याचा चेंबरच्या दिशेने स्वतःचा वेग असतो शून्य. आदळल्यावर ते क्षणभर तुंबतं आणि मग दोन्हीकडे पसरतं. आता साठास एक उताराचा हिशेब करा. टीत क्षणभर एकच इंच पाणी जादा चढलं, तर तेवढ्या पातळीवर ते मागे साठ इंचांपर्यंत, म्हणजे पाच फूट, सरकू शकतं. आमची नहाणी चार फुटांवर! पाणी प्रत्येक वेळी पुरतं तिथवर पोचत नसेल, पण दीड-दोन फूट मागे जायला त्याला काहीच अडचण नव्हती. गेलेलं पाणी परत यायचं ते पातळ थरात, आळसावलेलं. सोबत नेलेला कागद आणि बाकीचं ते तिथेच ठेवून यायचं. मागून आंघोळीचं साबणाचं पाणी आणि केस येऊन त्यावर अस्तर चढवायचे. कोब्याखाली असा गिलावा चालला होता आणि आम्ही वर निर्धास्त दात घासत होतो.

आमच्यावर याचा कौटुंबिक परिणाम झाला, तोही ऐका. कमोड उत्तम चालायचा. तुंबायची ती आंघोळीची जागा. त्यामुळे संशय साहजिकच केसांवर गेला, आणि आमच्या घरात लांब केस फक्त सूनबाईंचे आहेत. माझ्या डोक्यावर काही उरलेलं नसल्याने मी न्यायाधीश झालो. तीन महिने त्या बिचारीने जाळीवरचा एकेक केस वेचला, तरी पाणी घोट्यापर्यंत यायचंच. फ्लश केला की नहाणीतून गुळुगुळू आवाज यायचा, तो मी "हवा असेल" म्हणून निकालात काढला. हवाच होती ती. मागे ढकलल्या गेलेल्या पाण्यापुढे पळणारी.

मग स्प्रिंगवाला आला. त्याने कमोड उचलून त्या पाइपातून स्प्रिंग सोडली. वीसेक फूट आत गेल्यावरही ती चेंबरमध्ये दिसेना. एवढ्यात सूनबाई ओरडल्या. स्प्रिंग नहाणीची जाळी उचलून, डोकं बाहेर काढून बाथरूम बघत होती. तिचं तरी काय चुकलं? तुमच्या टीत तिला डावं-उजवं सारखंच दिसलं. पण तिने येताना पुरावा आणला. नहाणीच्या बाजूला, जिथून फक्त आंघोळीचं पाणी जातं त्या पाइपातून, तिच्या टोकाला गुंडाळून टॉयलेट पेपर आला. सूनबाईंनी तो माझ्याकडे बघत चिमट्यात धरून वर केला. माझं न्यायाधीशपद तिथे संपलं.

चोकअप सुटलं आणि दोन महिन्यांत पुन्हा झालं. तेव्हा मी एक प्रयोग केला. वर्तमानपत्राचे लिंबाएवढे दहा बोळे ओले करून कमोडमध्ये टाकले, फ्लश केला आणि चेंबरचं झाकण उघडून स्टुलावर बसलो. सहा आले. आणखी एकदा फ्लश केल्यावर सातवा आला. तीन बोळे आपल्या टीच्या मागच्या अंगाला वस्तीला राहिले. वर्तमानपत्र रविवारचं होतं, वाचायला वेळ लागत असेल.

मग नवे मिस्त्री आले, तुमच्या निम्म्या वयाचे. त्यांनी फरशी उकरली, टी कापली आणि तिच्या जागी साधा सरळ तुकडा रिपेअर कपलरने जोडला. कमोडचा पाइप त्यांनी 45 अंशांच्या बेंडने चेंबरच्या दिशेला वळवला आणि सुमारे फूटभर पुढे, मुख्य लाइनीत 45 अंशांच्या वायने सोडला. आता येणारं पाणी आधीच जायच्या दिशेला तोंड करून येतं. त्याच्या वेगातला शंभरातला सत्तर भाग चेंबरकडेच असतो, म्हणून ते समोरच्या भिंतीशी भांडत नाही. वायची फांदीही त्यांनी सपाट न ठेवता थोडी वर उचलली, म्हणजे मुख्य पाइपातलं पाणी कमोडच्या फांदीत शिरत नाही. स्प्रिंगही आता तिरकी जाऊन निमूटपणे चेंबरमध्ये निघते. कोबा ओतायच्या आधी पुन्हा दहा बोळे सोडले. एका फ्लशमध्ये नऊ आले, दहावा दुसऱ्यात.

मी त्यांना विचारलं, एसडब्ल्यूआरची गोल वळणाची टी लावली असती तर? ते म्हणाले, तुमच्या शेतीच्या टीपेक्षा बरी. पण तिचं वळण आखूड असतं आणि ते उभ्या पाइपात पडणाऱ्या पाण्यासाठी केलेलं असतं. अमेरिकेत हिलाच सॅनिटरी टी म्हणतात, आणि तिथले प्लंबिंगचे नियम ती आडव्या लाइनीला आडवी जोडूच देत नाहीत. वाय लावा, नाहीतर वाय आणि बेंड एकत्र असलेली फिटिंग. टी पाठीवर झोपवून, तोंड वर करून, त्यात उभा पाइप सोडला तरी तेच होतं. पाणी तळावर आपटतं आणि दोन्हीकडे फुटतं.

खर्चाचंही सांगतो, कारण तुम्ही माझे पैसे वाचवले होते. एका टीऐवजी एक वाय आणि एक बेंड, फूटभर जादा पाइप, अर्ध्या तासाचं काम. ही बचत वसूल करायला मला अकरा फरश्या लागल्या. त्या रंगाच्या फरश्या आता मिळत नाहीत. त्यामुळे आमच्या बाथरूममध्ये तुमच्या टीचा नेमका आराखडा वेगळ्या रंगात उमटला आहे. पाहुण्यांना मी तो आवर्जून दाखवतो.

कळावे. लोभ आहेच, तो मजुरीपुरता ठेवावा.

आपला,
तळमजला

ता. क. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमचं काम तुम्ही धरलंय असं कळलं. हे पत्र वाचून तुम्हाला पश्चात्ताप झाला आणि तुम्ही तिथे सगळीकडे वाय लावत सुटलात, तर काकू मला सोडणार नाहीत. त्यांची लाइन डक्टमधली उभी आहे. उभ्या पाइपात पाणी कडेला चिकटून आपोआप खाली जातं, तिथे मागे वळायचा प्रश्नच नसतो. उलट नहाणीचा पाइप तिथे वायने तिरका खाली सोडलात, तर ट्रॅपपुढचा उतार एवढा तीव्र होतो की पाणी त्या तुकड्यात पाइप भरून उतरतं. हवा यायची वाट बुजते आणि जाताना ते ट्रॅपमधलं पाणीही शोषून नेतं. ट्रॅपमध्ये अडवणारं पाणी असतं जेमतेम पन्नास मिलिमीटर. ते गेलं की सगळ्या इमारतीचा वास काकूंच्या घरात येईल, आणि काकूंचं नाक तुम्हाला ठाऊक नाही. टीतून येणारा पाइप जवळजवळ आडवाच राहतो, त्याच्या वरच्या भागातून हवा खेळते आणि ट्रॅप भरलेला राहतो. म्हणून काकूंकडे टीच लावा. एसडब्ल्यूआरची, गोल वळणाची, वळण खाली जाईल अशी. आमची जुनी टी डक्टजवळ कुंडीला टेकू म्हणून ठेवली आहे, ती नेऊ नका.