एक जूनचे गुरुजी

१ जूनला सकाळी फेसबुक उघडलं की आज कोणाकोणाचा वाढदिवस आहे याची जी यादी समोर येते, ती मतदारयादीसारखी लांबत जाते. दहिवली, कडाव, कशेळे, चौक, वावोशी, खोपोली. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली निम्मी चाळिशी-पन्नाशी त्या दिवशी एकदम वर्षाने मोठी होते. यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. पूर्वी पोर घरीच जन्मायचं, जन्माची नोंद कोणी करायचं नाही, आणि जूनमध्ये पोराला शाळेत घालायला आणलं की हेडमास्तर विचारायचे, "जन्मतारीख?" आई सांगायची, "होळीच्या आदल्या दिवशी" किंवा "भात लावणीच्या टायमाला". मास्तर पोराकडे एकदा बघायचे, पहिलीत बसायला लागणारी वर्षं बोटांवर मागे मोजायचे आणि जनरल रजिस्टरमध्ये लिहायचे: १ जून. महाराष्ट्रभर हेच झालं. पण आमच्याकडे ते ज्यांच्या हातून झालं, त्यातले एक गुरुजी अजून आहेत, फेसबुकवर आहेत, आणि त्यांचाही वाढदिवस १ जूनलाच असतो. त्यांच्या मास्तरांनी तसा लिहिला म्हणून.

आता विचार करा. ज्या पोरांना गुरुजींनी १ जून दिला, ती सगळी १ जूनला गुरुजींना शुभेच्छा देतात. म्हणजे गुरुजींना नुसते आभार मानून सुटता येत नाही, उलट शुभेच्छाही द्याव्या लागतात. आणि गुरुजी एकालाही तोच शब्द दुसऱ्यांदा लिहीत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी प्रगतिपुस्तकं भरली. "प्रगती समाधानकारक", "अक्षर सुधारावे" हे शेरे एका बैठकीत चाळीस पोरांना कसे वाटले जातात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यामुळे न बघता मारलेला शेरा ते लांबून ओळखतात, आणि आपला शेरा कोणी तसा ओळखावा हे त्यांना सहन होत नाही.

म्हणून १ जूनच्या दुपारी गुरुजी फुलस्केप वही काढतात आणि टाचण लिहायला बसतात. हो, टाचणच. तीन रकाने आखलेले: नाव, त्याने काय लिहिलं, आपण काय लिहायचं. मोबाइल वहीशेजारी उशीला टेकवून उभा. वरून खाली न जाता ते सगळ्यात जुन्या शुभेच्छेपासून सुरुवात करतात, कारण जो पहाटे उठून लिहितो त्याला दुपारी चारला लिहिणाऱ्यानंतर उत्तर मिळालं तर तो मनातल्या मनात नोंद करतो. तशी नोंद करणारी माणसं गुरुजींना नावानिशी माहीत आहेत. त्यातले दोन-तीन त्यांच्याच घरातले आहेत.

रकाना दुसरा महत्त्वाचा. ज्याने नुसतं 'HBD' टाकून पुढची लोकल पकडली, त्याला गुरुजी अंगठा देतात. त्याने तीन अक्षरं खर्च केली. त्याला तीन ओळी दिल्या तर तो ओशाळेल आणि पुढच्या वर्षी घाबरून काहीच लिहिणार नाही. ज्याने केक आणि फुगे असलेलं तयार चित्र चिकटवलं, त्याला नाव घेऊन एक वाक्य. पण ज्याने स्वतःचं काही लिहिलं, मग ते "गुरुजी तुमची छडी अजून आठवते" एवढंच का असेना, त्याला त्याच्या वाक्यातला एक शब्द उचलून त्यावरच उत्तर. छडी आठवणाऱ्याला गुरुजींनी लिहिलं, "छडी तुला एकदाच बसली होती, तीही शेजारच्यासाठी उगारलेली. त्याला अजून सांगितलं नाहीस ना?" उत्तर लिहून झालं की त्याची परीक्षा होते. गुरुजी वहीत बोट खालच्या नावावर सरकवतात आणि तेच उत्तर तिथे चालेल का ते बघतात. चाललं तर खोडतात.

मला ही कसोटी फार आवडली. आम्ही बाकीचे "मनःपूर्वक धन्यवाद" लिहून ते सगळ्यांखाली चिकटवत जातो, आणि ते एकाखाली एक वाचणारे आपलेच लोक असतात हे विसरतो. प्रत्येकाला वाटतं आपलं उत्तर आपण एकट्याने वाचलं. तसं नसतं. मावसभाऊ आपलं वाचतो, मग शेजारचं वाचतो, आणि तिथेही तेच धन्यवाद, तेच दोन जोडलेले हात बघून मुकाट बाहेर पडतो. शिवाय एकच मजकूर भराभर टाकत सुटलं तर फेसबुकलाच संशय येतो आणि ते काही वेळ कॉमेंट करायला बंदी घालतं. गुरुजींच्या मुलावर ही वेळ आली होती. गेल्या वर्षी वडिलांचे कष्ट बघवेनात म्हणून त्याने त्यांच्याच मोबाइलवरून "खूप खूप आभार ताई, तुलाही हार्दिक शुभेच्छा" हे एक वाक्य कॉपी केलं आणि ओळीने वाटत निघाला. बंदी येईपर्यंत बरीच मजल मारली होती. त्यात भरघोस मिशांचा एक हवालदार ताई झाला, आणि गुरुजींच्या ठाण्याच्या पुतणीने विचारलं, "काका, मला कसल्या शुभेच्छा? माझा नोव्हेंबरात असतो." तेव्हापासून वहीत नावापुढे एक छोटी फुली असते. फुली म्हणजे हा एक जूनवाला, याला परतफेड करायची. बाकीच्यांना फक्त आभार.

बदामाचं प्रकरणही तेव्हाचंच. लाइकचा अंगठा जरा जास्त वेळ दाबून धरला की त्यातून बदाम, हसरा चेहरा, रागीट चेहरा अशी अख्खी पंगत उगवते, आणि गुरुजींचा अंगठा वयोमानाने जास्त वेळच राहतो. विहीणबाईंच्या शुभेच्छेला बदाम गेला. तो काढायला पुन्हा दाबला तर रागीट चेहरा गेला. त्या संध्याकाळी दोन्ही घरांत फोन झाले. आता विहीणबाईंचं उत्तर सूनबाई टाकते.

पण गुरुजींची खरी पंचाईत होते ती 'तू' आणि 'तुम्ही'मध्ये. नाक पुसत पहिलीत बसलेला एक पोरगा आज फौजदार आहे. त्याच्या शुभेच्छेखाली चारचौघांत, त्याच्या हाताखालचे शिपाई वाचत असताना, "तू मोठा हो" कसं लिहायचं? म्हणून गुरुजींनी एकदा लिहिलं, "आपण आठवण ठेवलीत, आनंद वाटला." पाच मिनिटांत फौजदाराचा फोन. "गुरुजी, माझं काय चुकलं? आपण काय म्हणता मला?" त्यावर दुसऱ्या वर्षी गुरुजींनी त्याला तू केलं, तर तेच बघून त्याच वर्गातला, आता सरपंच झालेला, विचारता झाला की मग मला तुम्ही का? शेवटी गुरुजींनी व्याकरणाचा आधार घेतला. मराठीत कर्ता गाळून वाक्य उभं राहतं. "आठवण आली हे वाचून बरं वाटलं. कशेळ्याला येणं झालं की घरी यावं." यात तू नाही, तुम्ही नाही, आणि दोघांनाही ते आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. कर्ता गाळण्याचा हा उपयोग चौथीच्या पुस्तकात द्यायला हवा होता असं गुरुजींचं मत आहे.

आणखी एक गोष्ट ते करतात, आणि ती मी इतर कोणाला करताना पाहिलेली नाही. उत्तर लिहिण्याआधी समोरच्याच्या पानावर जाऊन खाली दोन-चार पोस्टी बघून येतात. खालापूरच्या एका बाईने नेहमीसारखं "शतायुषी व्हा गुरुजी" लिहिलं होतं. पानावर पाहिलं तर पंधरा दिवसांपूर्वी तिची आई गेलेली. तिथे "अशीच हसत रहा" गेलं असतं. गुरुजींनी त्या जागी काहीच लिहिलं नाही, फोन केला. वहीत तिच्या नावापुढे तिसरा रकाना कोरा आहे. सगळ्याच शुभेच्छांना शुभेच्छेखालीच उत्तर द्यावं लागत नाही, एवढं गुरुजींना कळतं. हे सगळं तीन दिवसांत आटोपायचं असा त्यांचा नियम आहे. चौथ्या दिवशी गेलेलं उत्तर वीजबिल भरल्यासारखं वाटतं, म्हणतात.

नातवाने यंदा सुचवलं, "आजोबा, एकच पोस्ट टाका. ज्यांनी प्रत्यक्ष भेटून, फोनद्वारे व सोशल मीडियाच्या माध्यमातून शुभेच्छांचा वर्षाव केला त्या सर्वांचे आभार, अनावधानाने कोणाचे आभार मानायचे राहिले असल्यास क्षमस्व." गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी नगरपरिषदेला उभा आहे का?"

यंदाचं सगळ्यात अवघड उत्तर मात्र एका सरकारी कर्मचाऱ्याला द्यायचं होतं. या पोराची गोष्ट अशी. १९८९च्या जुलैत अंबा नदीला पूर आला आणि जांभूळपाडा वाहून गेलं, ती रात्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. त्या पुराच्या रात्रीच हा जन्मला. शाळेत घालताना त्याच्या आईने "पुराच्या राती" असं स्वच्छ सांगितलं होतं. पण ती तारीख धरली तर जूनमध्ये त्याचं वय महिना-दीड महिन्याने कमी भरत होतं, आणि पोराचं वर्ष फुकट जाणार होतं. गुरुजींनी लिहिलं, १ जून १९८९. अशा रीतीने तो पुराच्या रात्री, पुराच्या पावणेदोन महिने आधी जन्मला.

यंदा त्याने गुरुजींच्या पानावर लिहिलं: "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा गुरुजी. कालच हिशेब केला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे मी ३१ मेला घरी. खऱ्या तारखेने ३१ जुलैपर्यंत राहिलो असतो. दोन महिन्यांचा पगार तुमच्या टाकाने गेला." पुढे हसरा चेहरा होता, पण गुरुजींच्या मते तो चेहरा पुरेसा हसत नव्हता. निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत आणि हा आत्तापासून दोन महिने मोजतोय, म्हणजे दुखतंय.

गुरुजींनी या एका उत्तरावर दुपार घालवली. पहिल्या मसुद्यात वय भरवण्याचं कारण होतं. ते खोडलं, कारण वाढदिवसाला कोणी खुलासा मागितलेला नव्हता. दुसऱ्यात "गंमत केलीस" होतं. तेही खोडलं, कारण गंमत नव्हती. रात्री जेवणानंतर त्यांनी टाकलं ते असं: "तुझ्या आईने बरोबर सांगितलं होतं, मीच चुकीचं लिहिलं. २४ जुलैला फोन करीन. राहिला पगार. मीही ३१ मेलाच घरी बसलो. माझ्या गुरुजींना मी अजून माफ केलेलं नाही, तेव्हा तूही घाई करू नकोस."

त्याने लगेच बदाम दिला, खरा. पण खाली बाकीच्यांनी वाचलंच होतं. सकाळपर्यंत तिथे एक-एक जण आपली खरी तारीख घेऊन हजर. "गुरुजी, मी नागपंचमीचा." "मी महडच्या गणपतीच्या जत्रेतला." "माझी आई म्हणते थंडी होती, बघा काही लागतं का." गुरुजींनी वहीची नवी पानं आखली. या वेळी रकाने चार आहेत, आणि चौथ्याचं नाव आहे 'खरी तारीख'. ही माणसं आता वर्षभर पसरली आहेत, त्यामुळे एक जूनचा भार हलका होईल असा त्यांचा हिशेब आहे. सूनबाईला तो पटलेला नाही. तिचं म्हणणं, आता बदाम रोजच जायचे.