तर्रीची तसबीर

मिसळ हा पदार्थ जिभेच्या सोयीने घडत गेलेला असल्यामुळे कॅमेऱ्याशी त्याचे फारसे पटत नाही. तळाशी मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण, त्यावर कांदा-कोथिंबीर आणि सर्वांवर तर्री, म्हणजे रश्शावर तरंगणारा मसाल्याच्या तेलाचा लाल थर, अशी ही इमारत बांधून होताच खचू लागते, आणि दोन-चार मिनिटांत फरसाण इतका रस्सा पिते की छायाचित्रात ते भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसते. त्यामुळे मेनूकार्डासाठी काढलेली पाच छायाचित्रे एखाद्या मिसळगृहाच्या गल्ल्यावर मांडली गेली, असे समजल्यास त्यांतले एक तर तपासणीआधीच बाद झालेले असते; शेवेची टोके ताठ आहेत की सुजलेली, एवढे पाहिले तरी वाढप झाल्यापासून कॅमेऱ्याचे बटण दाबेपर्यंत मंडळींनी किती गप्पा मारल्या, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरे छायाचित्र बरोबर डोक्यावरून घेतलेले असते, आणि ते बाद करताना रचना, म्हणजे चौकटीत कोणती वस्तू कोठे व कोणत्या कोनातून दिसावी याची योजना, विचारात घ्यावी लागते. थाळीसारख्या पसरट वाढपाला हा कोन शोभतो. खोल वाटीतल्या मिसळीची मात्र त्यामुळे नुसती लाल टिकली होते, आणि स्टीलच्या ताटाच्या काठावर मोबाइल धरलेले दोन हात व त्यांमागचे एक चिंतातुर नाक उमटते, जे मेनूतल्या कोणत्याही दराच्या रकान्यात बसत नाही. जेवायला बसलेल्या माणसाची नजर ताटावर साधारण 45 अंशांतून पडते, आणि त्याच कोनातून वाटीची खोली, फरसाणाची उंची व शेजारच्या पावाची लुसलुशीत बाजू एकत्र दिसतात. मोबाइल ताटाला भिडवून फोटो काढल्यास पुढचा पाव उशीएवढा आणि मागचे लिंबू वाटाण्याएवढे होते. थोडे मागे सरून भिंगाने दृश्य जवळ ओढले, तर दोघेही आपापल्या मापात येतात.

तिसऱ्यात दोष प्रकाशाचा असतो. खिडकीतला उजेड आणि डोक्यावरची ट्यूबलाइट यांचे रंग वेगळे असतात. डोळा तो फरक सांभाळून घेतो, कॅमेरा तो जसाच्या तसा टिपतो. हे ओळखण्यासाठी तर्रीकडे पाहून उपयोग नाही, कारण लाल रंग बरेच काही पोटात घालतो; पाहायचा तो कांदा. कांदा एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट दिसत असेल, तर एकाच चित्रात दोन प्रकाश भांडत आहेत असे समजावे, आणि हे भांडण नंतर मिटत नाही, कारण एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडते.

चौथे छायाचित्र मालकांना हमखास आवडते, कारण त्यांच्या भाच्याने त्यात लाल रंग मनसोक्त वाढवलेला असतो. रंग मर्यादेपलीकडे ताणला की त्यातले बारकावे नष्ट होतात, म्हणजे मटकीचे दाणे आणि तेलाचे थेंब वेगळे न दिसता एक सपाट डाग उरतो. तसल्या तर्रीची आणि दाराला दिलेल्या ऑइलपेंटची जात एकच. शिवाय पडद्यावर पेटलेला हा लाल छपाईच्या चार शाईंना झेपत नाही, आणि कागदावर तो मंद होऊन उतरतो. “पण तिखट दिसतंय की!” हा मालकांचा युक्तिवाद मात्र शास्त्राने खोडून काढण्यासारखा नसल्याने, एक नमुना छापून त्यांच्या हाती देणे हाच त्यावरचा उतारा ठरतो.

उरते पाचवे. त्यात खिडकीचा उजेड मागून, जरासा डावीकडून येतो, त्यामुळे तर्रीवर बारीक चकाकी उठते आणि वाटीतली वाफही मागच्या काळपट भिंतीवर दिसते. पुढच्या बाजूला पडू पाहणारी सावली पांढरा पुठ्ठा उभा करून उजळलेली असते. फरसाण अर्धे बुडालेले, अर्धे कोरडे. लिंबाची फोड पिवळी, कोथिंबीर मोजकी, म्हणून लालाला लाल दिसायला जागा मिळते. छापल्यावर हे चित्र जेमतेम 2 इंचांचे होणार असल्याने ते आधी तेवढेच करून हातभर अंतरावरून पाहिले जाते, आणि पदार्थ मिसळच आहे, पावभाजी नव्हे, हे वाढप्यालाही पटते.

मालक ते मान्य करतात. फक्त पावाच्या उजवीकडे जी थोडी मोकळी जागा आहे, तेथे ताक, जिलेबी, पापड आणि पार्सलसाठीचा फोन नंबर सहज बसेल, असे त्यांचे मत असते.